सोमवारी ‘ओके’, बुधवारी गढूळ पाणी: आमच्या लॅबच्या आयवॉश रजिस्टरचं प्रकरण

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये दाराजवळ एक कॉम्बिनेशन युनिट आहे, म्हणजे वर सेफ्टी शॉवर आणि त्याच उभ्या पाइपवर कमरेच्या जरा वर आयवॉश, दोन्हीला पाणी एकाच लाइनमधून. दर सोमवारी त्याची तपासणी व्हायची आणि भिंतीवर लावलेल्या कार्डावर टिक पडायची. महिन्याच्या शेवटी त्या कार्डाखाली सही माझी, म्हणजे खाली जे लिहितेय त्यात माझा वाटा पूर्ण आहे, हे आधीच सांगते.

एका बुधवारी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सोडियम हायड्रॉक्साइडचं साधारण दहा टक्क्यांचं द्रावण बाटलीत ओतत होती, गॉगल कपाळावर सरकवलेला होता, फनेलमध्ये हवा अडकली आणि थेंब उडून उजव्या डोळ्यात गेले. बाजूच्या मुलीने तिला धरून आयवॉशपाशी नेलं, हँडल ढकललं. डाव्या नोझलमधून तपकिरी पाणी आलं, उजव्यातून दोन बोटं वर येईल एवढीच धार. डोळा जळतोय आणि समोर गंजाचं पाणी, ती साहजिकच मागे सरकली. तिथल्या सरांनी वेळ न घालवता सिंकच्या नळाला रबरी नळी लावून पंधरा मिनिटं डोळा धुतला, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मग डॉक्टरकडे नेलं. वरचा थर चुरचुरला होता, आठवड्याभरात बरा झाला. अल्कली डोळ्यात आत आत शिरत जातं, आम्लापेक्षा जास्त, म्हणून पहिले काही सेकंद फार महत्त्वाचे असतात, आणि आमचे ते पहिले सेकंद त्या युनिटपाशी वाया गेले.

संध्याकाळी मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. एकतीस आठवडे, एकतीस टिक. शेवटची टिक दोनच दिवसांपूर्वीची.

हे युनिट बिघडलं कधी, एवढं एकच मला त्या कार्डाकडून कळायला हवं होतं. पहिल्या आठवड्याची टिक आणि एकतिसाव्या आठवड्याची टिक सारखीच, मधे काय बदललं त्याचा मागमूस नाही. आणखी बघितलं तर चौदा ते अठरा हे पाच आठवडे कॉलेजला सुट्टी होती, लॅबला कुलूप होतं, आणि त्या पाच रकान्यांतही टिक. सुट्टीनंतर आल्यावर एकदम भरलेल्या. मी मामांना विचारलं (आमचे लॅब अटेंडंट, वीस वर्षं इथेच आहेत), तर ते म्हणाले, “मॅडम, रकाना रिकामा राहिला की ऑफिसवाले विचारतात, आणि न केल्याचं लिहायला जागाच नाही.” खरंच नव्हती. कार्डावर तारीख, ‘आयवॉश/शॉवर ठीक’ असा एक रकाना, आणि सही. न केलेलं लिहायची सोय नसेल तर माणूस केलेलंच लिहिणार, हे मला तेव्हा नीट समजलं.

मग मी विचारलं, सोमवारी नेमकं काय करता? ते म्हणाले, हँडल ढकलतो, पाणी आलं की बंद करतो. आणि शॉवर? “शॉवर ओढला तर लॅबभर पाणी होतं, खाली जाळी नाही ना.” म्हणजे शॉवर कित्येक महिने ओढलाच गेला नव्हता, आणि दोन्हींचा रकाना एकच असल्यामुळे आयवॉशच्या टिकमध्ये शॉवरची टिक आपोआप धरली जात होती. मामांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना ‘पाणी येतं का’ एवढंच बघायला सांगितलं होतं आणि पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही युनिट तपासलं, आणि इथे एक गोष्ट नशिबाने बरोबर केली. प्लंबर आल्याआल्या कॉकला हात घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी जसं आहे तसं मोजायचं, मग हात लावायचा. एकदा कॉक फिरवला की तो किती उघडा होता हे कोणालाच सांगता येत नाही.

मोजायला लागणारं सामान साधं. जाड प्लास्टिकचा नळकांड्यासारखा लांब बाही शिवून घेतला, वरून तो शॉवरच्या तोंडाला दोरीने आवळून बांधायचा आणि खालचं टोक बादलीत सोडायचं, म्हणजे जमिनीवर पाणी होत नाही. तयार टेस्टर पण मिळतात, पण बाहीने काम भागतं. बाजूला चाकांचा मोठा ड्रम, आणि वीस लिटरची बादली जिच्यावर मापाच्या जगने पाणी ओतून अर्ध्या अर्ध्या लिटरच्या खुणा केल्यात. आधी बाहीचं टोक ड्रममध्ये, हँडल ओढायचं, धार स्थिर झाली की टोक बादलीत, घड्याळावर दहा सेकंद, परत ड्रममध्ये, मग बंद. दोन माणसं लागतातच, एकट्याने करू नये, हात सुटला तर सगळं अंगावर येतं.

दहा सेकंदच का, तर आकडा डोक्यात बसतो म्हणून. या उपकरणांसाठी जो अमेरिकन स्टँडर्ड सगळीकडे वापरतात, एएनएसआय झेड ३५८.१, त्यात शॉवरला मिनिटाला कमीत कमी ७५.७ लिटर पाणी हवं आणि ते सलग पंधरा मिनिटं मिळायला हवं. ७५.७ भागिले सहा म्हणजे दहा सेकंदांत १२.६ लिटर. आमच्या बादलीत आले सहा लिटर. म्हणजे मिनिटाला छत्तीस, निम्म्यापेक्षा कमी.

मग आयवॉश चालू केला. आमचा चेहराही धुता येईल असा मोठा प्रकार आहे, त्याला मिनिटाला ११.४ लिटर लागतात, फक्त डोळ्यांच्या छोट्या आयवॉशला १.५ लिटर पुरतात, त्यामुळे आपलं युनिट कुठलं हे आधी बघावं, नाहीतर चुकीच्या आकड्याशी तुलना होते. डावी धार ठीक उंच, उजवी मरगळलेली. आणि मग आयवॉश चालू ठेवूनच शॉवर ओढला. आयवॉशच्या दोन्ही धारा खाली बसल्या, नोझलवर नुसतं पाणी पाझरत राहिलं. हे मी आधी कधीच करून बघितलं नव्हतं, आणि कॉम्बिनेशन युनिटमध्ये मला आता हीच सगळ्यात कामाची चाचणी वाटते, कारण तोंडावर आणि छातीवर एकदम सांडलं तर माणसाला दोन्ही एकाच वेळी लागणार, आणि स्टँडर्डही दोन्ही एकत्र चालली पाहिजेत असंच म्हणतो. एकेकटं चालवलं की लाइन अर्धी बंद असली तरी आयवॉशचं भागून जातं, त्याला पाणी लागतंच थोडं. शॉवर ओढला की लगेच उघडं पडतं.

एवढं लिहून झाल्यावर कॉक बघितला. बेंचच्या मागे, हात घालून चाचपावा लागतो अशा जागी बॉल वॉल्व्ह. त्याचा दांडा पाइपच्या दिशेत असला की पूर्ण उघडा, आडवा असला की पूर्ण बंद. आमचा तिरका होता, मधेच कुठेतरी. पूर्ण उघडला आणि परत दहा सेकंद मोजलं, साडेनऊ लिटर. सुधारलं, पण पुरेसं नाही, म्हणजे कारण एकच नव्हतं. शॉवरचं तोंड खोललं, आत गंजाचे पापुद्रे आणि बारीक वाळू. उजव्या नोझलच्या जाळीत पण तेच. दोन्ही धुवून बसवलं, चौदा लिटर. मिनिटाला चौऱ्याऐंशी. तेव्हापासून आमच्या युनिटचा मूळ आकडा चौदा.

सहा, साडेनऊ, चौदा हे तीन आकडे एका सकाळी मिळाले आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, एकतीस टिकांना जे जमलं नव्हतं ते. आता कधीपासून हे शोधायला दुरुस्तीचं रजिस्टर उघडलं. विसाव्या आठवड्यात बाहेरची मेन लाइन फुटली होती, पाइप कापून तुकडा बदलला होता. पाइप कापला की आतला गंज सुटतो, खड्ड्यातली वाळू आत जाते, आणि पाणी चालू झाल्यावर ते सगळं लाइनच्या टोकाला जी जाळी असेल तिथे जाऊन बसतं. त्या कामासाठी आमचा कॉक बंद केला असणार आणि नंतर अंदाजाने उघडला असणार. म्हणजे त्या दिवसापासून अपघातापर्यंत अकरा टिक अशा पडल्या की युनिट अर्धं बंद आणि कार्डावर ठीक. दुरुस्तीचं रजिस्टर नसतं तर हेही कळलं नसतं. म्हणून आमचा पहिला नियम तिथेच झाला: त्या लाइनवर कोणीही काहीही काम केलं की सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पूर्ण तपासणी आणि लॉगमध्ये ‘दुरुस्तीनंतर’ असं लिहून वेगळी नोंद.

आता लॉग काय बदलला ते सांगते. नवीन फॉर्म करताना मोह झाला होता पंचवीस रकाने करायचा, पण एवढे रकाने असले की माणूस परत टिक मारत सुटतो. म्हणून जिथे आकडा शक्य आहे तिथे आकडा, आणि ज्याचा पुढे उपयोग होणार नाही तो रकाना नाही.

सगळ्यात वर युनिटचा नंबर. आधी कार्डावर नुसतं ‘केमिस्ट्री लॅब’ होतं, आणि आतल्या खोलीत सिंकवर दुसरा छोटा आयवॉश आहे, त्यामुळे टिक नेमकी कोणाची हे सांगता येत नव्हतं. आता प्रत्येक युनिटवर नंबर रंगवलाय आणि प्रत्येकाचं पान वेगळं. तारखेसोबत वेळ पण लिहितो. वेळ कशाला, असं मामांनी विचारलं होतं, त्याचं उत्तर पुढे येतंय.

मग ‘आल्यावर’ आणि ‘जाताना’ असे दोन भाग, आणि माझ्या मते लॉगमधली ही सगळ्यात मोठी दुरुस्ती आहे. तपासणारा माणूस चांगला असतो, त्याला नोझलवर धूळ दिसली तर तो पुसतो, टोपी अडकलेली दिसली तर मोकळी करतो, युनिटसमोर स्टूल असेल तर सरकवतो, आणि मग लिहितो ठीक. खरंच ठीक असतं, पण त्याने केलं म्हणून. दर सोमवारी जर तिथे स्टूल सापडत असेल तर बाकीचे सहा दिवसही ते तिथेच असणार, आणि हे लॉगमध्ये आलं नाही तर कोणाला कळणारच नाही. आमच्याकडे ‘आल्यावर’च्या रकान्यात पहिल्या सहा आठवड्यांत चार वेळा ‘समोर कचऱ्याचा डबा’ असं आलं, तेव्हा लक्षात आलं की त्या डब्याला दुसरी जागाच नाहीये. जागा करून दिली, नोंद थांबली.

‘आल्यावर’मध्ये हात लावायच्या आधी बघायच्या गोष्टी: वाट मोकळी आहे का, कॉकचा दांडा पाइपच्या दिशेत आहे का (आता तो उघड्या स्थितीत प्लास्टिकच्या सीलपट्टीने बांधलाय, पट्टी तुटलेली दिसली की कोणीतरी हात लावला हे समजतं), नोझलच्या टोप्या जागेवर आहेत का. टोप्या नसतील तर धूळ थेट नोझलमध्ये, आणि तीच पहिल्या फवाऱ्यात डोळ्यात.

मग हँडल एका झटक्यात ढकलायचं आणि हात काढून घ्यायचा. वॉल्व्ह एका सेकंदाच्या आत पूर्ण उघडला पाहिजे, आणि हात काढल्यावर उघडाच राहिला पाहिजे, कारण त्या माणसाला दोन्ही हात पापण्या उघड्या धरायला लागतात. टोप्या पाण्याच्या जोराने स्वतःहून उडाल्या का तेही इथेच कळतं, म्हणून त्या आधी हाताने काढू नयेत.

यानंतर ‘पाणी स्वच्छ व्हायला किती सेकंद’. हा रकाना मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण फुकटात फार सांगतो. मेन लाइनपासून आमच्या युनिटपर्यंत नऊ मीटर पाइप आहे, आतला व्यास बत्तीस मिलिमीटर, म्हणजे मीटरमागे साधारण ०.८ लिटर, एकूण सात लिटरच्या आसपास पाणी आठवडाभर तिथे नुसतं उभं असतं. उभ्या पाण्यातला क्लोरीन उतरतो, गंज मिसळतो, आणि त्यात अकँथअमीबा किंवा स्यूडोमोनास असे जीव वाढू शकतात जे आधीच दुखावलेल्या डोळ्याला फार वाईट. आयवॉश मिनिटाला बारा लिटर सोडतो असं धरलं तर ते सात लिटर बाहेर पडायला पस्तीस सेकंद लागतात. म्हणून ‘पाणी आलं, बंद केलं’ या तीन सेकंदांत काहीच धुऊन निघत नाही, उलट जुनं पाणी नोझलपाशी आणून ठेवल्यासारखं होतं. आम्ही दोन मिनिटं चालवतो, म्हणजे ते उभं पाणी तीन वेळा बदलेल एवढं. प्रत्येक लॅबचा पाइप वेगळा, त्यामुळे ही दोन मिनिटं उचलू नका, आपला पाइप मोजून आपली वेळ काढा. स्टँडर्ड सुद्धा मिनिटं ठरवून देत नाही, आठवड्यातून एकदा पुरेसा वेळ चालवा एवढंच सांगतो.

आता यातली गंमत बघा. उभं पाणी पस्तीस सेकंदांत संपतं, मग गढूळपणा त्याच्या आत थांबला तर घाण आपल्या त्या नऊ मीटरमधली. पस्तीसच्या पुढेही गढूळ येत राहिलं तर ती मेन लाइनमधून किंवा टाकीतून येतेय, आणि आपण आपलं युनिट कितीही धुतलं तरी उपयोग नाही. आमच्याकडे नेहमीचा आकडा वीस ते पंचवीस. एका सोमवारी ऐंशी आला. मामांनी नुसतं ऐंशी लिहिलं नाही, लगेच फोन केला, चौकशी केली तर शनिवारी वरची टाकी साफ केली होती आणि खालचा गाळ लाइनमध्ये उतरला होता. मेन लाइन बाहेरच्या नळातून धुऊन काढली, मग आमचं युनिट, मग दोन्ही जाळ्या खोलून बघितल्या. उजवी परत भरायला लागलीच होती.

धारांसाठी एक पट्टी केलीये, पारदर्शक प्लास्टिकची, दहा सेंटिमीटरपेक्षा जरा लांब. त्यावर मध्यापासून सारख्या अंतरावर दोन रेघा एकमेकींपासून ३.२ सेंटिमीटरवर आणि त्यांच्या बाहेर आणखी दोन ८.३ सेंटिमीटरवर. पट्टी धारांमध्ये आडवी धरायची, नोझलपासून वीस सेंटिमीटरच्या आतच कुठेतरी दोन्ही बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या रेघांमधली जागा पाण्याने भरली पाहिजे. हे स्टँडर्डमधलंच माप आहे. डावं आणि उजवं वेगळं लिहायचं, एकत्र नाही, कारण आमचं उजवंच बिघडलं होतं आणि ‘धार ठीक’ या दोन शब्दांत डाव्याने उजव्याला झाकून टाकलं असतं. धार फार जोरात येत असेल तर तेही लिहायचं, डोळ्यावर फटका बसेल अशी धारही नको.

शॉवरचा दहा सेकंदांचा आकडा, आणि मग दोन्ही एकत्र चालवून आयवॉशची धार टिकली की बसली. शेवटी बादलीत थर्मामीटर.

तापमानावर जरा थांबते, कारण वेळेचा रकाना इथेच कामाला आला. पाणी १६ ते ३८ अंश सेल्सिअसच्या मधे हवं. फार गार पाण्याखाली माणूस पंधरा मिनिटं उभा राहत नाही, दोन मिनिटांत बाहेर येतो, आणि गरम पाण्याने रसायनाची त्वचेवरची आणि डोळ्यातली क्रिया वाढते. सोमवारी सकाळी नऊला आमचं पाणी सत्तावीस, नेहमीच. एकदा सकाळी तास होता म्हणून तपासणी दुपारी अडीचला केली आणि बादलीत एक्केचाळीस. टाकीपासूनचा पाइप गच्चीवर उन्हात उघडा जातो. प्रॅक्टिकल तर दुपारीच असतात, म्हणजे आम्ही वर्षभर अशा वेळी मोजत होतो जेव्हा लॅब रिकामी असते. पाइपला इन्सुलेशन गुंडाळलं, दुपारचा आकडा चौतीसवर आला, आणि आता महिन्यातून एक तपासणी मुद्दाम दुपारी ठेवतो. वेळ लिहिलेली नसती तर ते एक्केचाळीस म्हणजे कोणीतरी चुकून लिहिलं असंच सगळ्यांना वाटलं असतं.

‘जाताना’मध्ये काय दुरुस्त केलं, काय राहिलं, कोणाला कळवलं आणि किती वाजता, एवढंच. पण राहिलेलं असेल तर ती ओळ बंद होत नाही. दुरुस्ती झाल्यावर परत मोजलेला आकडा त्याच ओळीत आला की मगच सही. ‘प्लंबरला सांगितलं’ हे आमच्या जुन्या पद्धतीत शेवटचं वाक्य असायचं, आता ते मधलं आहे. आणि खालच्या सहीबद्दल, म्हणजे माझ्या: आता मी महिन्यातून एकदा स्वतः हँडल ओढते आणि माझा आकडा मामांच्या आकड्याशेजारी लिहिते.

‘केलं नाही’ असा रकाना पण आहे, कारणासकट. लॅब बंद, पाणी नव्हतं, माणूस रजेवर, जे असेल ते. सुट्टीनंतर पहिलं प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी तपासणी, आणि तेव्हा चालवायची वेळ दुप्पट. मागच्या सुट्टीच्या तीन रकान्यांत आता ‘बंद’ लिहिलंय आणि ऑफिसने विचारलं तेव्हा मी सांगितलं की हेच बरोबर आहे.

एक भरलेली ओळ वाचायला कशी लागते ते बघा: युनिट १, सोमवार, सकाळी ९.१०. आल्यावर: वाट मोकळी, कॉक उघडा, सील आहे, डावी टोपी नाही. हँडल एका झटक्यात उघडलं, उघडं राहिलं. स्वच्छ व्हायला २० सेकंद, चालवलं २ मिनिटं. पट्टी डावी भरली, उजवी भरली. शॉवर १० सेकंदांत १३.५ लिटर. एकत्र चालवल्यावर धार टिकली. २७ अंश. जाताना: डावी टोपी नवीन लावली. खाली दोघांची नावं.

हे सगळं करायला पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली, आता बारा लागतात.

आणि आकडे लिहिले की ते एकमेकांशी बोलायला लागतात. शॉवरचे पुढचे सात आठवडे असे होते: १४, १४, १३.५, १४, १३.५, १३, १३. यातला एकही आकडा नापास नाही, सगळे १२.६ च्या वर. आमच्या बादलीत अर्धा लिटर इकडेतिकडे होणारच, बाही हलवताना थोडं सांडतं, त्यामुळे एका १३.५ ने काही सिद्ध होत नाही. पण दोनदा सलग १३ आलं तेव्हा आम्ही थांबलो, कारण ठरवलं होतं की १३ दोनदा आलं की तोंड खोलायचं, १२.६ ची वाट बघायची नाही. खोललं, वाळू होतीच, पहिल्यापेक्षा थोडी. लाइनमध्ये राहिलेली हळूहळू येत होती. धुतलं, परत चौदा. टिक असती तर सातही आठवडे ठीक दिसले असते आणि आम्ही परत कुठल्यातरी बुधवारची वाट बघत बसलो असतो.

नापास आलं तर काय, हेही फॉर्मच्या मागे लिहून ठेवलंय, कारण त्या क्षणी कोणाशी वाद घालत बसायला वेळ नसतो. युनिटवर ‘बंद आहे’ची पाटी, आणि त्या खोलीत आम्ल, अल्कली किंवा डोळ्याला इजा करेल असं काहीही उघडायचं नाही जोपर्यंत परत मोजून आकडा येत नाही. आतल्या खोलीतला छोटा आयवॉश चालेल का असा प्रश्न येतो. दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे, वाटेत पायरी किंवा अडथळा नको, आणि आमच्याकडे मधे एक दार आहे जे कधीकधी कुलूपबंद असतं, म्हणून नाही चालत. ज्या दिवशी मी पहिल्यांदा या कारणासाठी प्रॅक्टिकल रद्द केलं त्या दिवशी नाराजी झाली, पण मला त्याबद्दल जराही शंका नव्हती.

या साप्ताहिक तपासणीत सगळं येत नाही. नोझलची जमिनीपासूनची उंची, शॉवरच्या पाण्याचा पसारा किती, पंधरा मिनिटं सलग पाणी पुरतं का, हे वर्षातून एकदा स्टँडर्डशी ताडून बघायचं. त्यातलं शेवटचं आम्ही यंदा पहिल्यांदा हिशोब करून बघितलं: मिनिटाला ७६ लिटर गुणिले पंधरा म्हणजे ११४० लिटर, आणि आमची टाकी हजार लिटरची, त्यावर स्वच्छतागृहंही. दोन हजारांची टाकी मंजूर झालीये, अजून बसलेली नाही, म्हणून सध्या ‘आल्यावर’च्या भागात टाकीची पातळी हा एक रकाना तात्पुरता वाढवलाय आणि अर्ध्याच्या खाली असेल तर प्रॅक्टिकल सुरू करण्याआधी मोटर लावतो. अर्धी टाकी म्हणजे पाचशे लिटर, पूर्ण धारेने सहा-साडेसहा मिनिटंच पुरेल, मोटर चालू राहिली तर जरा जास्त, हे मला माहीत आहे आणि टाकी बसेपर्यंत ते लॉगच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.